मांडीवरची पेटी

एस.टी.च्या कंडक्टरशी भांडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण सुट्ट्या पैशांसाठी नाही, जागेसाठी नाही, तर एका निळ्या पेटीसाठी दर वेळी नव्यानं भांडणारी बाई एकच पाहिली. त्या म्हणजे वाठोरे सिस्टर.

"ती पेटी वर टाका बाई," कंडक्टर म्हणे.

"वर ऊन हाय."

"मग खाली ठिवा."

"खाली इंजन तापतंय."

"मग काय डोक्यावर घेता?"

"मांडीवर घेते. लेकरू हाय."

"लेकरू हाय तर अर्धं तिकीट काढा की!"

सगळी गाडी खदखदा हसायची. सिस्टर हसत नसत. पेटीभोवती दोन्ही हात गोल टाकून, हनुवटी झाकणावर टेकवून त्या खिडकीबाहेर बघत बसायच्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं आणि जळकोटकडच्या त्या माळावर बोरीबाभळींची सुद्धा पानं गळाली होती.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आमच्या शाळेच्या पाटीवर अजून उस्मानाबादच होतं, आणि ते खोडून लातूर लिहायला रंग कोणी द्यायचा यावर ग्रामपंचायतीत दोन बैठका झाल्या होत्या. मी नुकतीच शिक्षिका म्हणून रुजू झाले होते. राहायला खोली मिळाली ती आरोग्य उपकेंद्राला लागून. माझी नि सिस्टरांची एक भिंत सामाईक. ती भिंत इतकी पातळ होती की पलीकडे काडी ओढली तरी इकडे कळायचं.

लसीच्या दिवशी पहाटे पलीकडून स्टोव्हला हवा मारल्याचा आवाज येई. मग बराच वेळ काचेच्या सिरिंजा आणि सुया उकळत्या पाण्यात खुळखुळत राहत. तेव्हा आजच्यासारखं वापरून फेकायचं साहित्य नव्हतं. जितकी लेकरं तितक्या सुया, सगळ्या उकळलेल्या. एका लेकराची सुई दुसऱ्याला चालायची नाही. पाणी उकळायला लागल्यावर त्या घड्याळ समोर ठेवून बसत, नि तेवढ्या वेळात कुणी बोलायला आलं तर हातानंच थांबवत. मग पहिली गाडी पकडून प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं, तिथल्या फ्रीजमधून लस घ्यायची, पेटीत चारी बाजूंनी बर्फाच्या चपट्या डब्या लावायच्या, मधे लस, वर घट्ट झाकण, आणि उन्हं चढायच्या आत परत. लस एकदा तापली की तिच्यात जीव राहत नाही आणि दिसायला मात्र ती तशीच दिसते, हे त्यांनीच मला सांगितलं. "मेलेली लस टोचली तर कुनाला कळनार न्हाई," त्या म्हणाल्या, "मला कळंल की."

आता अशा दुष्काळात गावात बर्फ येतो म्हटल्यावर काय होणार? पोरं पेटीमागं पळायची. एकदा सरपंचांच्या घरी पाहुणे आले, सरबताला बर्फ पाहिजे म्हणून माणूस आला. सिस्टरांनी पेटीवर हात ठेवला. "बर्फ माझा न्हाई, लेकरांचा हाय." माणूस तोंड वाकडं करून गेला आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की नरसबाई भारी कंजूस हाय.

त्यांना गावानं दिलेलं दुसरं नाव होतं 'टीसीएलबाई'. टँकरचं पाणी विहिरीत सोडत आणि बाया ते शेंदून नेत. त्या पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, पडली की नाही, हे बघायला सिस्टर काठावर उभ्या. पडली नसेल तर स्वतः कालवून टाकायच्या. पाण्याला वास यायचा, बाया कुरकुरायच्या. वाटेत कुणीही भेटो, कसं काय, बरं हाय का, असलं काही नाही, पहिला प्रश्न, "टीसीएल टाकलंय का?" मी एकदा चहाचा कप पुढं केला तेव्हाही हेच. मी म्हटलं, "सिस्टर, चहा उकळलाय हो." त्या ओशाळून म्हणाल्या, "सवय लागून राहिली."

हे 'लागून राहिली', 'करून राहिले' त्यांच्या किनवटकडचं. आमच्या गावाला त्याची मोठी गंमत वाटे. इकडे बाया 'काय करलालीस' म्हणायच्या आणि सिस्टर 'काय करून राहिली' म्हणायच्या. पोरं त्यांच्या मागं चाळे करत. नवरा त्यांच्यासोबत नव्हता. का नव्हता ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मुलगी किनवटला त्यांच्या आईजवळ राहून शिकत होती. जिल्हा नवा झाला तेव्हा सिस्टरांना वाटलं होतं, आता सगळंच हलतंय तर आपली बदलीही हलेल. ती काही हलली नाही. खोलीत बुद्धाची लहानशी तसबीर, एक खाट, एक स्टोव्ह, आणि दोरीवर पांढरं पातळ. टँकरच्या पाण्यानं धुऊन धुऊन ते मातकट झालं होतं. संध्याकाळी त्या उंबऱ्यावर बसत आणि रस्त्याकडे बघत. त्या रस्त्यानं त्या वेळी एकही गाडी येत नसे.

आणखी एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. त्या कुणाच्या घरी पाणी मागत नसत. कितीही उन्हातून आल्या तरी पिशवीतल्या बाटलीतलंच प्यायच्या. "दुष्काळात कुनाचं पानी कशाला," म्हणायच्या. मला ते खरं वाटायचं. मग एकदा गावातल्या गयाबाईच्या ओट्यावर मी पाहिलं. सुनेनं पाणी आणलं, तेव्हा सासूनं नुसत्या डोळ्यांनी कोनाड्याकडे खूण केली. तिथं एक वेगळा पेला पालथा ठेवलेला होता. सिस्टरांनी ते पाहिलं आणि पेला हातात येण्याआधीच बाटलीचं बूच काढलं. "आत्ताच प्याले, आई," म्हणाल्या. समोरच्याला अडचणीत टाकायचं नाही म्हणून स्वतः तहानलेलं राहायचं, याचा मला फार राग आला होता. मी तो त्यांच्याकडे काढला, तर त्या म्हणाल्या, "बाई, मला त्या घरात पुन्ना जायचंय."

त्या घरात त्यांना का जायचं होतं, तीच खरी गोष्ट आहे.

गयाबाई म्हणजे गावाचा निम्मा दवाखाना. पोट दुखलं, पाय मुरगळला, टाच फुटली, जा गयाबाईकडे. ओवा, हळद, एरंडाचं पान, आणि सगळ्यांत जालीम म्हणजे बिब्बा. बिब्ब्याच्या बियांची माळ तिच्या चुलीवरच्या भिंतीला टांगलेली असायची. बिब्बा सुईच्या टोकाला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की दुखऱ्या जागी चटका द्यायचा. माणसं 'आई गं' म्हणत आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सांगायला येत. घर मेंढरांचं. मुलगा दत्ता उरलीसुरली मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी आंध्राच्या हद्दीत उतरला होता, पाऊस पडल्याशिवाय येणार नव्हता. घरात गयाबाई, सून शेवंता, चारेक वर्षांची नात सिंधू, आणि आता नुकताच जन्मलेला नातू.

सिस्टर बाळ बघायला गेल्या तेव्हा मी सिंधूचं नाव शाळेच्या यादीसाठी विचारायला म्हणून सोबत होते. गयाबाईनं दारातच अडवलं.

"बाळ बगा, वजन करा. पर सुई न्हाई."

"का वं आई?"

गयाबाईनं सिंधूला पुढं ओढलं आणि तिच्या झंपराची बाही वर केली. डाव्या दंडावर वाटीएवढा डाग. कातडी काळपट, आवळलेली, मेणासारखी. कडेनं खाली एक ओघळ उतरलेला. पोरीला तो हात पुरता वर होत नव्हता.

"ही तुमची सुई. दंडाची सुई. आदी फोड आला, मग पू झाला, मग सगळा हात सडला. लेकरू महिनाभर तळमळलं. आता ह्यो एक नातू हाय माझा. ह्याच्या आंगाला सुई लावू द्यायची न्हाई."

सिस्टरांनी तो हात बराच वेळ बघितला. डागाच्या कडेवरून, त्या ओघळावरून बोट फिरवलं. मग मान वर करून एकदा चुलीवरच्या भिंतीकडे बघितलं, आणि पुन्हा खाली. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "लई सोसलं गं लेकरानं."

बस्. सुईचं नाव काढलं नाही. हातपाय धुतले, दारातल्या धुरीवरून हात शेकून घेतले, बाळंतिणीच्या खोलीचा रिवाज होता तसा, आणि बाळाला कापडाच्या झोळीत घालून काट्याला लावलं. नाळ कोरडी आहे का बघितली. शेवंताला म्हणाल्या, "नाळेला काई लावू नको. अंगावरच पाज." आणि निघाल्या.

मग रोज जायला लागल्या. कधी शेवंताच्या रक्ताच्या गोळ्या, कधी नुसतीच विचारपूस. बाळाला दंडाची लस, म्हणजे बीसीजी, शक्य तितक्या लवकर द्यायची असते. दीडेक महिन्यानं तिहेरी आणि पोलिओचा डोस असतो, तो वेगळा. मी म्हटलं, "अहो, तुम्ही सुईचं बोलतच नाही." तर म्हणाल्या, "त्या सासू-सुनांना सुई दिसून राहिली माझ्याकडं बघितलं की. आदी मी दिसू दे."

गावानं मात्र त्यांना वेगळंच बघायला सुरुवात केली होती. गयाबाईच्या शेजारचा कोंडिबा अंधार पडायच्या सुमारास मागच्या बाजूनं सिस्टरांच्या खोलीत जायचा आणि थोड्या वेळानं बाहेर पडायचा. रोज. भिंतीपलीकडून मलाही चाहूल लागायची. बोलणं नाही, हसणं नाही, नुसता स्टोव्ह पेटायचा आणि विझायचा. एकट्या बाईच्या दारात रोज एक पुरुष, एवढं गावाला पुरेसं होतं. विहिरीवर बाया सिस्टर आल्या की गप्प व्हायला लागल्या. कोंडिबा पूर्वी दिवसभर गयाबाईच्या ओट्यावर बिडी ओढत बसायचा, तोही एकाएकी तिथं बसेनासा झाला. गयाबाईनं त्याचाही अर्थ लावला.

"तोंड दाखवायला लाजतंय मेलं," ती मला म्हणाली. "आन् असल्या बाईला मी बाळंतिनीच्या खोलीत घेऊ का मास्तरीनबाई?"

मी हे सिस्टरांना सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला होता, कारण मलाही खरं काय ते हवं होतं. त्या काचेची सिरिंज पुसत होत्या. पुसतच राहिल्या.

"लोकं म्हणून राहिले ते मला माहीत हाय."

"मग सांगून टाका ना खरं काय ते!"

"ज्याचं त्याच्यापाशी, बाई." आणि स्टोव्हला हवा मारू लागल्या.

खरं काय ते पुढं कोंडिबानंच मला सांगितलं, बरा झाल्यावर. त्याला टी.बी. होता. रोज इंजेक्शन आणि गोळ्या. गावाला कळलं तर पाण्याला शिवू देणार नाहीत, लेकीचं जमलेलं लग्न मोडेल, म्हणून त्यानं सिस्टरांचे पाय धरले होते. त्यांनी कबूल केलं आणि अट घातली, की गोळ्यांचा गुण येईपर्यंत गयाबाईच्या ओट्यावर बसायचं नाही, घरात बाळ आहे. खोकताना तोंडाला कापड, थुंकी राखेच्या डब्यात, आणि डबा पुरायचा. त्या वेळी एक वाक्य उच्चारलं असतं तर सिस्टरांवरचा आळ गेला असता. आणि तेच वाक्य ऐकून गयाबाई धावत बाळ घेऊन आली असती, कारण दंडाची ती लस त्याच रोगावरची. मोठ्यांचा रोग ती सगळा थांबवत नाही, पण तान्ह्या लेकरांच्या मेंदूत शिरणारा, जीव घेणारा जो प्रकार असतो त्यापासून वाचवते. हातात असं हुकमाचं पान असताना ती बाई रोज रिकाम्या हातानं त्या दारात जाऊन बसत होती.

आणि मग ती टाच.

हे मला गयाबाईनं सांगितलं. सिस्टरांनी मरेतो सांगितलं नसतं. शेवंता आत बाळाला पाजत होती. सिस्टर परसात गयाबाईजवळ बसल्या आणि पाय पुढं केला. चालून चालून टाच फुटली होती, भेग पडली होती.

"आई, माझ्या टाचेला बिब्बा घाला."

गयाबाई चकित झाली. "तुमी सरकारी माणूस. तुमच्यापाशी मलम न्हाई व्हय?"

"हाय. पन तुमचा गुन लई ऐकलाय."

आता ह्याला कोण नाही म्हणेल? गयाबाईनं माळेतला बिब्बा काढला, सुईला टोचला, दिव्यावर धरला. तेल चुरचुरायला लागलं. ती मोठ्या जपून टाचेच्या निबर कातडीवर, भेगेच्या कडेकडेनं चटके देऊ लागली.

"मधी का न्हाई लावत?" सिस्टरांनी विचारलं.

"मधी उगडं मास हाय की. बिब्बा निबर कातड्याला. उगड्या मासावर पडला तर जळून वाटी होती, वघळ उतरतो, हात न्हाई तर पाय..."

आणि ती थांबली. हातातल्या सुईवरचा बिब्बा तसाच जळत राहिला. समोर अंगणात सिंधू एका हातानं भाकरी खात बसली होती.

गयाबाई मला म्हणाली, "मास्तरीनबाई, माझ्या पायाखालची जमीनच गेली. त्या फोडात पू झाल्ता, म्या म्हनलं बिब्बा लावू, सुकून जाईल. माझ्याच हातानं. माझ्याच हातानं वं."

सिस्टरांनी तिच्या हातातली सुई काढून घेतली आणि दिवा विझवला. त्या म्हणाल्या, "आई, त्या सुईनंतर फोड येतोच. पिकतो बी. मग आपोआप खपली धरतो. त्याला काईच लावायचं नसतं. आदीच्या बाईनं हे सांगायला पायजे होतं. सांगितलं न्हाई, ती चूक आमची. तुमी तर तुमच्या परीनं लेकराला बरं करून राहिल्या होत्या."

गयाबाई उठून आत गेली आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर ते दार उघडलंच नाही. दोनदा सिस्टर गेल्या, दोनदा शेवंतानं आतून सांगितलं, सासूबाई झोपल्यात. दुसऱ्यांदा परत आल्या त्या संध्याकाळी सिस्टर उंबऱ्यावर बसल्या होत्या. मीही जाऊन बसले. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मी घाई केली का? म्हातारीचं काळीज मोडलं. सुई बी गेली नि म्हातारी बी गेली." त्यांना रडताना मी पाहिलं नाही, पण त्यांनी पदर डोळ्यांना लावून तो बराच वेळ काढला नाही. गयाबाईच्या परसात काय घडलं होतं ते तेव्हा मला माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं, की ह्या बाईला ते कुणाला तरी सांगायचं आहे आणि सांगता येत नाही.

पुढच्या लसीच्या दिवशी गावातली आणि वाडीवरची तान्ही लेकरं गोळा झाली. बीसीजीची बाटली म्हणजे काळपट काचेची बारकीशी कुपी, आत पांढरी पूड. तिच्यासोबत आलेलं गार पाणी घालून ती विरघळवायची. ऊन लागू द्यायचं नाही, आणि एकदा कालवली की काही तासांत संपवायची. उरली तर टाकून द्यायची, दुसऱ्या दिवशी चालत नाही. म्हणून तर एका लेकरासाठी बाटली फोडताना वरच्यांची बोलणी खावी लागत. सिस्टरांनी सगळ्या लेकरांना टोचलं. दर आईला बोटांवर मोजून चार गोष्टी सांगितल्या, ही सुई कशाची, आता काय होईल, झालं तर काय करायचं, पुढच्या वेळी कधी यायचं. आणि त्यांच्याकडून त्या परत म्हणून घेतल्या, अगदी आम्ही पाढे म्हणून घेतो तशा. सगळ्या गेल्या. बाटलीत थोडं शिल्लक होतं. दुसरी कुणी असती तर तिनं फेकून देऊन आवरलं असतं. सिस्टर मात्र पेटीचं झाकण लावून दारात बसून राहिल्या. ऊन माथ्यावर आलं, कललं. मी शाळा सोडून आले तरी त्या तिथंच.

"कुणाची वाट बघताय?"

"बाटलीची वेळ संपून राहिली बाई. तेवढी संपू दे."

आणि तेवढ्यात रस्त्यानं गयाबाई येताना दिसली. डोक्यावर पदर, पायात काही नाही. दारात येऊन उभी राहिली. कुणाकडे बघितलं नाही.

"चल," म्हणाली. "सव्वा म्हैना झाला न्हाई, लेकराला भाईर आनता येत न्हाई. तूच चल."

सिस्टरांनी आधी घड्याळ बघितलं, वेळ होती. मग पेटी उचलली. मी मागोमाग गेले.

खोलीत अंधार, ओव्याची धुरी. शेवंतानं बाळाला घट्ट धरलं होतं. सिस्टर खाली बसल्या, हात धुतले, उकळलेली बारीक सिरिंज जोडली. बाळाचा डावा दंड नुसत्या स्वच्छ पाण्यानं पुसला. "स्पिरिट न्हाई लावायचं, त्यानं लस मरती." एवढ्या लहान लेकराला औषधही निम्मंच. मग दोन बोटांनी कातडी ताणली आणि सुई आडवी, अगदी कातडीच्या वरच्या पदरात सरकवली. एक बारीकसा पांढरा फुगा वर आला, त्यावर मोसंबीच्या सालीसारखी बारीक भोकं. बाळ किंचाळलं. शेवंता त्याच्याहून मोठ्यानं.

"झालं. पाज त्याला." सिस्टर म्हणाल्या. "हा फुगा आत्ता जिरंल. चोळायचा न्हाई. मग काई दिवस काईच दिसनार न्हाई. मग लाल गाठ, मग पू, मग खपली. सगळं मिळून दोन-तीन महिने. पानी लागलं तर चालतं. लावायचं..."

"काईच न्हाई," गयाबाई म्हणाली.

आणि झालंही तसंच. काही आठवड्यांनी गाठ आली, पिकली. शेवंता घाबरून ओरडली, शेजारणी जमल्या. एक म्हणाली, बघ, आम्ही म्हणत नव्हतो? दुसरी म्हणाली, आता ह्याचाही हात जाणार. मला पोरांनी वर्गातून ओढत आणलं. गयाबाई ओट्यावर उभी होती आणि सिंधूला तिनं जवळ घेतलं होतं.

"गप बसा," ती म्हणाली. "ह्या पोरीचा हात सुईनं न्हाई गेला. म्या बिब्बा लावला. म्या. आता जा घरी, आन् ह्या लेकराच्या हाताला कुनी हात लावायचा न्हाई."

साऱ्या गावाला औषध देणारी बाई, भर ओट्यावर. सिस्टर गर्दीच्या मागं उभ्या होत्या. त्या पुढं आल्या नाहीत, तशाच मागच्या मागं निघून गेल्या. पुढच्या लसीच्या दिवशी उपकेंद्रासमोर रांग होती. पण विहिरीवर बाया अजून गप्पच व्हायच्या. ते दुसरं गुपित त्यांच्याजवळच राहिलं.

पाऊस पडायच्या आधीच त्यांची बदली आली. किनवटला नव्हे, पण नांदेड जिल्ह्यात, मुलीच्या थोडं जवळ. नवीन सिस्टरना त्यांनी सगळं सोपवलं. पेटी सोपवताना झाकण तीनदा उघडून लावून दाखवलं. गाडीवर सोडायला मी एकटीच होते. निरोपसमारंभ वगैरे काही नाही. कोंडिबा लांब बाभळीखाली तोंडाला रुमाल धरून उभा होता आणि जवळ यायची त्याची हिंमत नव्हती.

गाडी आली तेव्हा गयाबाई धावत आली. कडेवर नातू, हातात तांब्या, घरातला, पिण्याच्या पाण्याचा. तिनं बाळाची बाही वर केली. दंडावर खपली पडून गेलेली, बारीक, गोल, गुलाबी खूण. शर्टाच्या गुंडीएवढी.

"न्हाई लावला हात," ती म्हणाली. "रात रात वाटायचं, हळद तर लावू, तेल तर लावू. न्हाई लावला."

सिस्टरांनी त्या खुणेवर बोट टेकवलं आणि तसंच ठेवलं. कंडक्टरनं घंटी मारली.

"पानी पी, लेकी," गयाबाईनं तांब्या पुढं केला.

सिस्टरांचा हात सवयीनं पिशवीतल्या बाटलीकडे गेला होता. तो थांबला. त्यांनी तांब्याकडे बघितलं, गयाबाईकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडून आलं, "टीसीएल टाकलंय का?"

"टाकलंय गं माझी माय," म्हातारी रडत रडत हसली. "वास मारलालाय. पी."

त्या तिथंच, गाडीच्या दाराशी उभ्या राहून, तांब्या ओठाला लावून घटाघटा प्यायल्या. पाणी हनुवटीवरून मातकट पातळावर सांडलं. मग गाडीत चढल्या.

खिडकीतून मला त्या शेवटच्या दिसल्या त्या अशा. ट्रंक वर टाकली होती, पिशवी पायाशी होती, आणि मांडीवर काहीच नव्हतं. दोन्ही हात मात्र तसेच गोल धरलेले, पेटी असल्यासारखे.